व्हॉइसओव्हर स्क्रिप्ट (मॉलची सणाची जाहिरात)

मॉलच्या सणासुदीच्या छोट्या व्हिडिओ जाहिरातीत कुठलं वाक्य कोणत्या सेकंदाला बोलायचं, कुठे थांबायचं आणि म्युझिक कुठे चढवायचं-उतरवायचं हे लिहिलेला कागद. मुंबईच्या स्टुडिओत याला नुसतं 'व्हीओ स्क्रिप्ट' म्हणतात. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज ही दोन रकान्यांची मांडणी आली कुठून यावर दोन मतं दिसतात, एक म्हणजे थिएटरात दाखवायच्या जाहिरातपटांतून, दुसरं म्हणजे रेडिओतून. विविध भारतीवर जाहिराती 1967 पासून आणि दूरदर्शनवर 1976 पासून, म्हणजे सेकंद मोजून लिहायची सवय आधी रेडिओने लावली असावी, चित्राचा रकाना नंतर जोडला गेला असावा, हे जास्त पटतं.

शब्द मोजून लिहिलं की हमखास फसतं, कारण मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते आणि शब्द लांबतो, त्यामुळे उच्चार म्हणजे प्रत्यक्ष बोलली जाणारी अक्षरं मोजावीत, आरामात बोलताना सेकंदाला साधारण 5. कागदावर '₹4,999' एवढंसं दिसतं पण 'चार हजार नऊशे नव्व्याण्णव' म्हणायला जवळजवळ 2 सेकंद जातात!

20 सेकंदांची दिवाळीची जाहिरात घेऊ. ठेका मिनिटाला 120 मात्रांचा धरला तर 4 मात्रांचं एक आवर्तन बरोबर 2 सेकंदांचं, म्हणजे सगळी मिळून 10 आवर्तनं. पहिली दोन नुसती सनई आणि ताशा, आवाज नाही. चौथ्या सेकंदाला म्युझिक 10-12 डेसिबल खाली आणि व्हीओ सुरू: 'पाडव्याची ओवाळणी घेतली? (अर्धा सेकंद) भाऊबीजेची?' आठव्यापासून चौदाव्यापर्यंत ऑफर, किंमत इथेच. मग पूर्ण एक आवर्तन गप्प, ढोल मोठा, हा गॅप क्लायंट नेहमी भरायला सांगतो पण भरू नये, कारण ऐकणाऱ्याला किंमत मनात बसवायला तेवढाच वेळ मिळतो. सोळाव्याला मॉलचं नाव आणि जवळचं स्टेशन, शेवटचा सेकंद घुमारा विरायला. बोलायला उरतात 13 सेकंद, थांबे धरून 60 उच्चार, म्हणजे जेमतेम 24-25 शब्द.

म्युझिक नुसतं हळू करून मात्र भागत नाही. ताशाची कडकड वरच्या पट्टीत असते, तिथेच स, श, च ही अक्षरं ऐकू येतात, आणि सनई तर बोलण्याच्याच पट्टीत, म्हणून व्हीओखाली हे दोन्ही काढून ढोल ठेवतात. पण फोनच्या छोट्या स्पीकरवर ढोलाचा घुमारा जवळपास नाहीसा होतो आणि खाली काहीच नाही असं वाटतं, त्यावर उपाय म्हणजे ढोलावर काठीचा टोला ठेवायचा, तो ऐकू येतो.

स्क्रिप्ट लांब झालीय हे रेकॉर्डिंगमध्ये लगेच कळतं, वाक्याचं शेवटचं अक्षर गिळलं जातं, 'खरेदीवर'चं 'खरेदीव' होतं. तेव्हा कलाकाराला फास्ट बोलायला सांगू नये, एक विशेषण काढावं आणि परत टेक घ्यावा.