हात सोडणं वेगळं, थ्रो-इन वेगळा

राजारामपुरीत एका मित्राच्या माडीवर दर गुरुवारी आमचं ब्रिज बसतं. तिथे महिन्यातून दोनदा तरी एक वाक्य ऐकू येतं : "थ्रो-इन केला की रं, तरी गडी सुटला." थ्रो-इन म्हणजे विरोधकाला मुद्दाम हात देऊन आपल्या फायद्याचं पान उतरायला लावणं; गडी सुटला असेल तर तो थ्रो-इन नव्हताच. तुम्ही त्याला एक हात दिलात, एवढंच. समोरच्याला नुसतं धरलं म्हणून खासबागेत कुणी कुस्ती चीत झाली म्हणत नाही.

गोंधळ होतो, कारण दोन्हीकडे आपण मुद्दाम हात देतो. हात सोडणं, म्हणजे डक, सगळ्यांना येतं. नोट्रम्पमध्ये, म्हणजे हुकूम नसताना, डमीकडे, म्हणजे जोडीदाराच्या उघड्या मांडलेल्या पानांत, एक्का-राजा-८-६-४-२ आहे, बाहेरून तिथे पोचायची वाट नाही आणि आपल्या हातात त्या रंगाची दोनच पानं आहेत. पहिला हात सोडायचा. बाहेरची पाच पानं ३-२ असली की पुढचे पाच हात आपले. विरोधक तो हात जिंकून काय परत खेळतो, याच्याशी आपल्या बेताचा संबंध नसतो, कारण आपलं काम त्या सोडलेल्या हातातच झालेलं असतं.

थ्रो-इनचं उलट आहे. दिलेल्या हातात काहीच साधत नाही, सगळा फायदा त्याच्या पुढच्या उतारीत असतो. त्यामुळे हात देण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : हा जिंकल्यावर त्याच्याकडे बिनधोक उतरायला काय उरतंय? एक जरी निरुपद्रवी पान उरत असेल, तर थांबा.

गेल्या महिन्यातला अण्णांचा डाव सांगतो. बोली सहा इस्पिक, म्हणजे हुकूम इस्पिक आणि तेरापैकी बारा हात करायचे, स्लॅम. अण्णा दक्षिणेला, मी उत्तरेला, म्हणजे डमी. पानं मांडून झाल्यावर डमीने तोंड उघडायचं नसतं, म्हणून पुढचं सगळं मी गप्प बसून पाहिलं.

अण्णांकडे इस्पिक एक्का-राजा-८-७-५, बदाम एक्का-६-३, चौकट एक्का-७-२, किलवर एक्का-राणी. माझ्याकडे इस्पिक गुलाम-१०-६-४-३, बदाम राजा-४, चौकट राजा-राणी-५, किलवर ८-६-४. पश्चिमेने चौकटचा गुलाम उतरला. अण्णांनी तो एक्क्याने घेतला आणि हुकमाचा एक्का वाजवला. पूर्वेने किलवर टाकलं, म्हणजे बाहेरचे तिन्ही हुकूम पश्चिमेकडे : राणी-९-२. राजा वाजवल्यावरही राणी उभी राहणार. एक हात गेलाच. आता किलवरमध्ये एकही हात जाऊन चालणार नव्हता.

किलवरची एक्का-राणी म्हणजे टेनेस. मी तिला कैची म्हणतो : दोन पाती आपल्याकडे, मधला राजा बाहेर. आपण डमीतून खेळून राणी लावली तर तो फिनेस, आणि राजा पूर्वेकडे असला तरच तो चालतो, म्हणजे पन्नास टक्के. पण किलवर पश्चिमेने उतरलं तर अण्णांचं पान शेवटी पडतं. मग राजा कुणाकडेही असो, एक्का आणि राणी दोन्ही हात करतात. पश्चिमेला किलवर उतरायला भाग पाडायचं, आणि त्याला आत आणायला हुकमाची राणी आयतीच होती.

हे सगळं अण्णांना दिसलं, यात शंका नाही. हुकमाचा राजा वाजवून त्यांनी लगेच तिसरा हुकूम खेळला, पश्चिमेच्या राणीला हात दिला आणि खुर्चीला टेकून म्हणाले, "आता बोला, वकीलसाहेब."

वकीलसाहेब बोलले नाहीत. त्यांनी चौकटची दश्शी खेळली. आमच्याकडे राजा-राणी होतीच, हात आमचाच झाला, पण किलवरला धक्काही लागला नाही. शेवटी अण्णांना फिनेस घ्यावा लागला, राजा पश्चिमेकडेच निघाला आणि स्लॅम एका हाताने बुडाला.

चूक कल्पनेत नव्हती. चूक अशी की आत ढकलताना वकिलांच्या हातात चौकटही होती आणि बदामही. बाहेर पडायच्या या वाटा आधी बुजवायच्या असतात, यालाच एलिमिनेशन म्हणतात. गंमत म्हणजे त्यांची पानं संपवायची गरज नसते, आपली संपवायची असतात. एखादा रंग आपल्या दोन्ही हातांतून गेला आणि दोन्हीकडे हुकूम शिल्लक असले, की तो रंग उतरणं म्हणजे आपल्याला फुकटची भेट : एका बाजूने हुकूम मारायचा, दुसऱ्या बाजूने नको ते पान फेकायचं.

आता तोच डाव नीट खेळू. हुकमाचा एक्का-राजा झाल्यावर बदामची तिर्री डमीच्या राजाकडे, मग डमीची बदाम ४ आपल्या एक्क्याकडे, आणि उरलेली बदामची छक्की डमीत हुकमाने मारायची. बदाम दोन्हीकडे संपले. डमीतूनच चौकटचा राजा आणि राणी वाजवायची. चौकटही संपली. आठ हात झाले, आठही आपले.

उरली पाच-पाच पानं. अण्णांकडे हुकूम ८-७-५ आणि किलवरची कैची, डमीकडे हुकूम गुलाम-१० आणि तीन छोटी किलवर. वकिलांकडे हुकमाची राणी, एक बदाम आणि किलवर राजा-गुलाम-९. आता डमीतून हुकमाची दश्शी खेळायची. राणी जिंकते आणि वकील अडकतात. किलवर उतरलं तर कैचीत. बदाम उतरलं तर डमीत गुलामाने मारायचं आणि हातातून किलवरची राणी फेकायची. बारा हात, फिनेस न घेता.

चौकट शेवटी का ठेवली, हेही बघा. राणी बाहेर असताना आपण बाकीचे रंग खेळतोय, वकील मध्येच तिने मारू शकतात. पहिल्या उतारीचा तो गुलाम सुटाही असू शकला असता. तसं असतं तरी चौकटचा राजा मारताना बदाम आधीच संपलेले, त्यामुळे वकील तिथेच अडकले असते. चौकट आधी खेळली असती तर मारून ते आरामात बदाम उतरले असते. ज्या रंगात तो आखूड असायची भीती, तो शेवटी.

ही युक्ती नेहमी चालत नाही. डमीकडे पाचऐवजी चारच हुकूम असते तर? दोन सुरुवातीला गेले, एकाने बदाम मारलं, चौथा राणीला आत आणायला गेला. डमी हुकमाविना. मग वकिलांनी बदाम उतरलं तर अण्णांना स्वतःच मारावं लागलं असतं आणि डमीतून किलवर फेकून उपयोग शून्य, कारण कैची हातात तशीच. हात देण्याआधी डमीचे हुकूम मोजायला लोक विसरतात, आणि मग दोष नशिबाला.

जाता जाता, कुणी याला स्क्वीझ म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. स्क्वीझमध्ये गड्याला पान टाकताना त्रास होतो, इथे उतरताना.

अण्णांना हे मी डाव संपल्यावर कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाले, "मग वकिलाकडे दश्शी होती, हे तू आधी का नाही सांगितलंस?"