अल्बिनिझम: कातडी दिसली, डोळे राहून गेले

1681 साली लायोनेल वेफर नावाचा एक जहाजावरचा वैद्य पायाला इजा झाल्यामुळे आजच्या पनामात मागे राहिला आणि तिथल्या गुना लोकांनी त्याला काही महिने सांभाळलं. तांबूस वर्णाच्या त्या लोकांत त्याला काही जण पांढऱ्या केसांचे, दुधाळ कातडीचे दिसले. 1699 मध्ये त्याच्या आठवणी छापून आल्या. त्यात दोन निरीक्षणं आहेत. एक, ही काही निराळी जमात नाही, इतरांसारख्याच आईबापांच्या पोटी ही मुलं जन्मतात. दोन, दिवसा उन्हात यांचे डोळे पाणावतात, नीट दिसत नाही, मात्र चांदण्या रात्री ते रानात सहज धावतात. पुढची दोन-अडीचशे वर्षं जगाने त्यांची कातडीच पाहिली. डोळ्यांचं निरीक्षण तसंच पडून राहिलं.

वेफरला दिसला तो अल्बिनिझम, म्हणजे कातडी, केस आणि डोळे यांत जन्मापासून रंगद्रव्य कमी असणं. तो प्रत्येक वंशात, प्रत्येक जातीत आढळतो. जगभराची सरासरी साधारण 17,000 ते 20,000 माणसांमागे एक अशी धरतात. टांझानियात हेच प्रमाण सुमारे 1,400 मागे एक आहे आणि गुना लोकांत त्याहूनही पुष्कळ जास्त. जिथे लग्नं ठरावीक घराण्यांतच होत राहतात तिथे तो जास्त दिसतो. पूर्व भारतातल्या तिली समाजात एकच जुना जनुकीय दोष पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेला सापडला आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अजून आहे, म्हणून हा हिशेब आपणही समजून घ्यायला हवा.

हिशेब असा. मेलॅनिन हे रंगद्रव्य शरीर टायरोसिन नावाच्या घटकापासून बनवतं आणि पहिल्या पायरीला टायरोसिनेज हे एन्झाइम लागतं. 1908 मध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरने अल्बिनिझम म्हणजे रसायनाची एखादी पायरी जन्मापासून अडलेली असणं, असं मांडलं. नेहमीच्या प्रकारात हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो, बाहेरून काहीच कळत नाही. साधारण 70 माणसांत एक वाहक असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता. पहिलं मूल तसं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नव्हे. दर खेपेला तीच चारांत एक.

मग 1952 मध्ये पॅट्रिक ट्रेव्हर-रोपर या नेत्रतज्ज्ञाने एक कोड्यात टाकणारं कुटुंब नोंदवलं: नवराबायको दोघांनाही अल्बिनिझम, आणि मुलं मात्र नेहमीच्या रंगाची. दोष एकच असता तर हे शक्य नव्हतं. म्हणजे पायऱ्या अनेक आहेत आणि या दोघांच्या वेगवेगळ्या पायऱ्या अडलेल्या होत्या. पुढच्या दशकात याची साधी चाचणीही निघाली. डोक्याचे काही केस मुळासकट उपटायचे, टायरोसिनच्या द्रावणात ठेवायचे आणि नंतर बघायचं. मुळं काळवंडली तर एन्झाइम आहे, अडचण पुढे कुठेतरी आहे. पांढरीच राहिली तर एन्झाइमच नाही. आज जनुक तपासतात, पण या केसांनी दाखवलेली विभागणी बरीचशी टिकली.

डोळ्यांचं कोडं सुटलं ते मांजरांमुळे. 1969 मध्ये रे गिलरी या शास्त्रज्ञाला सयामी मांजरांच्या मेंदूत डोळ्यांकडून येणाऱ्या नसांची जोडणी चुकलेली दिसली. सयामी मांजरातही टायरोसिनेजचाच दोष असतो. काही वर्षांत पांढऱ्या वाघातही तसंच दिसलं आणि 1970 च्या दशकात माणसांतही. एरवी प्रत्येक डोळ्यातले निम्म्याच्या आसपास तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात आणि उरलेले त्याच बाजूला राहतात. त्या जुळणीतून खोलीचा अंदाज येतो. अल्बिनिझममध्ये बहुतेक तंतू पलीकडे जातात. शिवाय डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध बारीक पाहण्यासाठी जो खळगा असतो, तो पुरता घडतच नाही. गर्भात डोळा घडत असताना रंगद्रव्याच्या पेशी त्या घडणीला वळण लावतात. तिथे रंगद्रव्य कमी पडलं की जोडणी चुकते आणि ती नंतर दुरुस्त होत नाही.

म्हणूनच चष्म्याने हे पुरतं सुटत नाही. चष्मा नंबर भरून काढतो, खळगा घडवत नाही. बाळ दोन-तीन महिन्यांचं होईतो बुबुळं सतत हलू लागतात, उजेडात ते डोळे मिटून घेतं. घरच्यांना इथेच शंका यावी. मोठं झाल्यावर मूल मान एका बाजूला वाकडी धरून पाहतं, कारण त्या कोनात बुबुळांची थरथर कमी होते. आणि वर्गात नेमकं त्याला ‘सरळ बस’ म्हणून ओरडा बसतो! त्याला तसंच बसू द्यावं.

समजा एखाद्या मुलीची नजर चष्म्यासह 6/36 आहे. इतरांना 36 मीटरवरून जे दिसतं ते पाहायला तिला 6 मीटरवर यावं लागतं. पहिल्या बाकावर, फळ्यापासून 2 मीटरवर बसवलं, तरी तिला फळा तसाच दिसतो जसा इतरांना 12 मीटरवरून. पहिला बाक पुरत नाही, फळ्यावरचं तिच्या वहीत यायला हवं. पुस्तक मात्र ती 10 सेंटिमीटरवर धरून वाचेल. 40 ऐवजी 10 वर धरलं की अक्षर चौपट मोठं दिसतं. त्याने डोळे बिघडत नाहीत, पुस्तक लांब ढकलू नये.

हे न समजल्याने मुलाला मठ्ठ ठरवतात. कोड किंवा कुष्ठरोग समजून लोक हात लावायला कचरतात, खरं तर यात संसर्गाचा प्रश्नच नाही. कोडात असलेला रंग नंतर जातो, इथे तो जन्मापासूनच कमी असतो. आणि दोष मात्र आईच्या माथी: ग्रहण पाळलं नाही म्हणून, नाहीतर तिच्या चारित्र्यावर संशय घेऊन. नेहमीच्या प्रकारात दोष दोघांकडून आल्याशिवाय हे होत नाही, हे घरात कुणी तिच्या बाजूने बोलत नाही. हा अन्याय मला सगळ्यांत जास्त डाचतो.

टांझानियात 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे टोकाला गेलं. व्हिक्टोरिया सरोवराभोवतीच्या भागात मासेमारीत, सोन्याच्या खाणींत नशीब फळावं म्हणून मांत्रिक या माणसांचे अवयव मागू लागले. माणसं मारली गेली, मुलांचे हात तोडले गेले. मुलांना वाचवायला सरकारने संरक्षित शाळांत ठेवलं, तर तीच मुलं घरच्यांपासून तुटली. 2015 मध्ये परवाना नसलेल्या मांत्रिकांवर बंदी आली. त्याच वर्षापासून संयुक्त राष्ट्रं 13 जून हा जागृतीचा दिवस पाळतात.

तिथे बातम्यांत न येणारं संकट उन्हाचं आहे. मेलॅनिन नसलं की अतिनील किरण थेट पेशींना भिडतात आणि विषुववृत्ताजवळ तरुणपणीच चेहरा, कान, मान इथे कॅन्सर होतो. न भरणारी जखम, खपली धरून पुन्हा रक्ताळणारा डाग, ही त्याची खूण. वेळेत काढला तर माणूस वाचतो. टांझानियातल्या मोशी शहरातल्या त्वचारोग केंद्रात म्हणूनच या लोकांसाठी खास सनस्क्रीन बनवायला सुरुवात झाली. मलमाच्या आधी मात्र पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद कडेची टोपी.

भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अल्बिनिझमचं नाव नाही. प्रमाणपत्र मिळतं ते क्षीण दृष्टीच्या नावाखाली, चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह 6/18 पेक्षा कमी असली तर, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. परीक्षेतला जास्तीचा वेळ, लेखनिक, मोठ्या टायपाची प्रश्नपत्रिका त्यातूनच येते, म्हणून पालकांनी नेत्रतपासणी लवकर करून घ्यावी. उन्हाचा धोका त्या टक्क्यांत कुठेच मोजला जात नाही. भर दुपारी मैदानावर कवायतीला उभं करू नका, हे आजही आईबापांनाच शाळेत जाऊन सांगावं लागतं.