‘किती वाजता झोपलात?’

सर्वेक्षणावरचं व्याख्यान ऐकून वही भरते, पण वहीतलं एकही वाक्य प्रश्न म्हणून जसंच्या तसं विचारता येत नाही. एक वाक्य घेऊ: ‘अपुऱ्या झोपेचा दिवसभराच्या कामावर परिणाम होतो.’ यातल्या ‘अपुऱ्या’ शब्दात झोपेचे तास आहेत आणि झोप झाल्याचं समाधानही. प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात हमखास येतो तो प्रश्न असा: ‘तुम्हाला पुरेशी आणि शांत झोप लागते का?’ आठ तास झोपून चारदा जाग येणाऱ्याने याला काय उत्तर द्यायचं? एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, ते आधी सुटे करायला हवेत.

मग प्रत्येकाची मापनश्रेणी, म्हणजे त्याचं उत्तर कोणत्या प्रकारे मोजायचं, ते ठरवायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1946 साली मांडलेले चार प्रकार इथे कामाला येतात. दिवसपाळी की रात्रपाळी, हे नुसतं नाव. त्यात लहानमोठं काही नाही, म्हणून ती नामश्रेणी. झोप ‘अजिबात शांत नाही’पासून ‘अगदी शांत’पर्यंत, ही क्रमश्रेणी, पायऱ्यांचा क्रम कळतो, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखंच आहे याची खात्री नसते. त्यामुळे तिची सरासरी काढण्यापेक्षा कोणत्या पायरीवर किती जण, हे सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. घड्याळातली वेळ ही अंतरश्रेणी. दहा वाजणं हे पाच वाजण्याच्या दुप्पट नसतं. पण झोपेचे तास मात्र गुणोत्तरश्रेणीत बसतात, कारण आठ तास हे चार तासांच्या दुप्पटच. म्हणून ‘किती वाजता झोपलात?’ आणि ‘किती वाजता उठलात?’ असं विचारून तास आपणच मोजायचे, असा मसुदा तयार झाला.

कागदावर तो निर्दोष दिसतो. खरी परीक्षा पूर्वचाचणीत होते. आठ-दहा जणांना एकेक करून बसवायचं आणि उत्तर देताना मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला सांगायचं. एक जण म्हणतो, ‘साडेदहाला झोपलो, पण डोळा लागला बाराला. काय लिहू?’ आपल्या भाषेत आडवं होणंही झोपणंच आणि झोप लागणंही झोपणंच! दीड तासाची चूक एका क्रियापदात दडलेली होती, आणि नुसती भरलेली उत्तरं पाहून ती कधीच दिसली नसती, कारण ‘साडेदहा’ हे उत्तर चुकीचं वाटतच नाही.

याची नोंद अशी करावी: ‘प्रश्न 3. “झोपलात” याचे दोन अर्थ घेतले गेले. बदल: (अ) अंथरुणावर किती वाजता आडवे झालात? (ब) त्यानंतर झोप लागायला अंदाजे किती मिनिटं लागली?’ मूळ शब्द, ऐकलेली अडचण आणि नवे शब्द, तिन्ही शेजारी शेजारी हवेत. नाहीतर महिन्याभराने आपणच जुना प्रश्न परत आणतो.

प्रश्न बदलला की चाचणीतली त्याची जुनी उत्तरं अंतिम माहितीत मिसळायची नाहीत. आणि या आठ-दहा जणांवरून ‘लोक किती झोपतात’ हेही काढायचं नाही. बदललेला प्रश्न मात्र आणखी तीन-चार नव्या माणसांना विचारायचा, कारण ‘अंदाजे किती मिनिटं’ यावर कोणीतरी अडेलच.