उत्साह दाखवणारा आणि सही करणारा

विक्रीच्या पहिल्या कॉलनंतर ट्रान्स्क्रिप्टवरून नोंद करताना बजेट, निर्णय, गरज आणि मुदत हे चार रकाने भरायचे असतात. त्यातला निर्णयाचा रकाना सगळ्यात जास्त वेळा चुकतो, कारण फोनवर मनापासून बोलणारा माणूस आणि चेकवर सही करणारा माणूस आपण एकच समजतो.

उदाहरणासाठी अमळनेरची एक डाळमिल घ्या. आपल्याला तिला कलर सॉर्टर विकायचाय. काळे, डागी दाणे कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या झोताने बाजूला उडवणारं हे मशीन. फोनवर धाकटे मालक सांगतात, "व्यापारी माल परत पाठवतोय, मशीन हवंच. दहा-बारा लाखांपर्यंत चालेल. नवी तूर यायच्या आत बसवू." चारही रकाने भरले, असं वाटतं. पण चौदाव्या मिनिटाला ते सहज बोलून जातात, "ग्रेडर घेतला तेव्हा नानांनी चार महिने थांबवलं होतं." नाना म्हणजे घरातले थोरले. निर्णयाचा रकाना या वाक्यावरून भरायचा.

"निर्णय कोण घेतं?" असं थेट विचारलं की समोरचा बहुतेकदा "मीच" म्हणतो. यात खोटेपणा नसतो. चारचौघांत "मला घरी विचारावं लागतं" हे म्हणणं जड जातं, एवढंच. त्यापेक्षा "मागचं मशीन घेताना काय काय झालं?" हे विचारावं. त्या हकिगतीत नाना येतात, कर्ज बघणारा अकाउंटंट येतो, कोण कुठे अडला तेही येतं. ट्रान्स्क्रिप्टमधली सर्वनामं आणि क्रियापदंही तपासावीत. गरज सांगताना "मी" म्हणणारा माणूस पैशांवर आला की "आम्ही बघतो", "घरी बोलतो" म्हणू लागतो. तिथे खूण करून ठेवावी.

म्हणून धाकट्यांचं बोलणं कमी दर्जाचं ठरत नाही. परत आलेला माल त्यांनी स्वतः उतरवून घेतलाय, त्यामुळे गरजेबाबत त्यांचा शब्द नानांपेक्षा पक्का. मुदतही भक्कम आहे, कारण नवी तूर कुणाच्या होकारासाठी थांबत नाही. बारा लाखांचा आकडा मात्र अजून त्यांचा अंदाज आहे. तो बजेट म्हणून लिहिला की कोटेशन त्याच आकड्याला जाऊन चिकटतं. मग नाना विचारतात, "कॉम्प्रेसर वेगळा घ्यायचा का?" आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हवेच्या झोतासाठी कोरडी, स्वच्छ हवा लागते, तेव्हा तो खर्च खराच असतो.

या कॉलची नोंद मी अशी लिहीन:

गरज: काळ्या दाण्यामुळे माल परत येतो (धाकटे मालक, स्वतः पाहिलेलं).
मुदत: नव्या तुरीआधी चालू व्हावं. कर्जाचे दिवस धरून ऑर्डरची तारीख मागे मोजायची.
बजेट: 10-12 लाख, धाकट्यांचा अंदाज, कॉम्प्रेसर धरला की नाही ते विचारायचं.
निर्णय: नाना, अजून भेट नाही. आपल्या बाजूने बोलणारे: धाकटे मालक.

आणि पुढचा फोन धाकट्यांनाच, एका प्रश्नासाठी: "ग्रेडरच्या वेळी नानांना नेमकं काय खटकलं होतं?"