दोन इंच खाली गेलेली सळई

मे महिन्यात नागपूरच्या कुठल्याही जुन्या गल्लीत मान वर करून बघा. खिडकीवरच्या छज्ज्यावर कूलर ठेवलेला, त्याच्या पाण्याची धार छज्ज्याच्या कडेवरून गळतेय, आणि कूलरच्या ताट्या बदलायला एखादा पोरगा त्याच छज्ज्यावर उभा आहे. छज्जा काही पडत नाही. सळ्या दाट होत्या, सिमेंट चांगलं होतं, म्हणून टिकला, असं घरातले सांगतात. खरं कारण वेगळं असू शकतं, आणि ते कळलं तर त्या पोराला कुणी तिथे चढू देणार नाही.

छज्जा आणि बाल्कनी एकाच जातीच्या गोष्टी. एका टोकाला धरलेल्या, दुसऱ्या टोकाला हवेत. घरातला स्लॅब दोन्ही बाजूंनी टेकलेला असतो, तो मध्ये खाली वाकतो, म्हणून ताण त्याच्या खालच्या अंगाला येतो आणि मुख्य सळ्या खाली असतात. बाल्कनीचं उलट आहे. बाहेरचं टोक खाली झुकतं, म्हणून भिंतीजवळ वरचं अंग ताणलं जातं आणि खालचं दाबलं जातं. दाब काँक्रीट आनंदाने घेतं. ताण मात्र सळईने घ्यायचा, त्यामुळे मुख्य सळई वरच हवी. तिच्याखाली तिला काटकोनात आडव्या सळ्या बांधतात. त्या बांधणीच्या आणि तडे आवरण्याच्या कामाच्या. भार पेलणाऱ्या त्या नव्हेत.

इथवर बहुतेक मिस्त्रींना माहीत असतं. घोळ पुढे होतो.

एक साधी बाल्कनी घेऊ. भिंतीपासून बाहेर १.२ मीटर, म्हणजे चार फूट. मुळाशी जाडी १५० मिमी, काँक्रीट एम २५ प्रतीचं, पावसात भिजणारी जागा म्हणून सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, ३० मिमी. वरच्या अंगाला १० मिमीच्या सळ्या, साइटवरच्या भाषेत तीन सुती, २०० मिमी अंतराने. म्हणजे एक मीटर रुंदीत पाच सळ्या. बाहेरच्या कडेला विटांचा कठडा.

आता वजन बघा. एका चौरस मीटरला स्लॅबचे ३७५ किलो, फरशी आणि तिच्याखालच्या मसाल्याचे सुमारे १२५, माणसांचे आणि सामानाचे ३०० किलो. कठड्याचे मीटरला २५० किलो धरू, तेही नेमके टोकाला. बाल्कनीला मोडायला बघणारा जोर म्हणजे वजन गुणिले भिंतीपासूनचं अंतर. एक किलो वजन एक मीटरवर लटकवलं तर होणाऱ्या जोराला आपण एक मीटर-किलो म्हणू. सगळं मिळून या बाल्कनीच्या मुळाशी, एका मीटर रुंदीमागे, सुमारे ८६० मीटर-किलो येतात. बाल्कनीवर कुणीही नसताना नुसत्या तिच्याच वजनाचे ६४५. सुरक्षिततेसाठी एकूण जोर दीडपट धरायचा, म्हणजे ताकद निदान १,२९० ची हवी.

ताकद येते कुठून? त्या पाच सळ्या मिळून सुमारे १७.४ टनांच्या ओढीपर्यंत विश्वासाने वापरता येतात. खाली काँक्रीटचा दाबाचा पट्टा असतो, आणि त्या दोघांमधलं उभं अंतर म्हणजे सळईला मिळालेला हात. सळई जागेवर असेल तर हा हात १०.७ सेंमी. १७.४ टन गुणिले १०.७ सेंमी केलं की येतात १,८६० मीटर-किलो. गरज १,२९० ची, म्हणजे ऐसपैस.

सळई पाच सेंमीने, म्हणजे दोन इंचांनी, खाली गेली तर? लोखंड तेवढंच, ओढही तेवढीच, पण हात उरला ५.७ सेंमी. ताकद येते ९९० च्या आसपास. दीडपटीचा सगळा राखीव साठा जवळपास संपला. सात सेंमी खाली गेली तर हात ३.७ सेंमी आणि ताकद ६४५, म्हणजे बाल्कनीच्या स्वतःच्या वजनाइतकीच. आणि सळई तळाच्या कव्हरवर जाऊन बसली तर ताकद फार तर ४७० उरते. हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: या बाल्कनीत दर एक सेंमीला जवळपास नऊ टक्के ताकद जाते. काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. ४५६ मध्ये, २०० मिमीपर्यंतच्या खोलीत सळईच्या जागेला फक्त १० मिमी इकडेतिकडे माफ आहे, ते उगाच नाही.

मग प्रश्न असा की इतकी कमकुवत बाल्कनी शटरिंग काढल्याबरोबर का पडत नाही? इथेच खरी फसगत आहे. तडा न गेलेलं काँक्रीट स्वतःही थोडा ताण घेतं. आपल्या १५० मिमी जाड काँक्रीटची ती ताकद कागदावर सुमारे १,३४० मीटर-किलो भरते. म्हणजे तडा नसेपर्यंत ही बाल्कनी सळईविनाच उभी राहू शकते! शटरिंग निघतं, मालक नारळ फोडतो, पाहुणे कठड्याला टेकून चहा पितात, आणि सळई कुठे आहे हे कुणालाच कळत नाही.

पण काँक्रीटच्या या ताकदीवर डिझाइन करणारा भरवसा ठेवत नाही, कारण ती एका बारीक तड्याने संपते. काँक्रीट सुकताना आकसतं. नागपूरच्या उन्हात वरचं अंग तापतं, वैशाखातल्या वळवाच्या सरीने एकदम थंड होतं, आकसतं, आणि ही खेच नेमकी भिंतीजवळ, वरच्याच अंगाला लागते. एकदा तिथे तडा गेला की ताण सगळा सळईवर येतो. सळई जागेवर असेल तर तडा केसाएवढाच राहतो. ती खाली असेल तर तडा तिच्यापर्यंत उघडतो, आणि मग बाल्कनी बिजागरीवरच्या दारासारखी मुळाशी फिरते. लोखंड कमी पडून हळूहळू झुकणारा सांगाडा माणसाला वेळ देतो. इथे तो वेळ मिळेलच असं नाही.

सळई खाली जाते कशी, तेही बघण्यासारखं आहे. बांधणी झाल्यावर इंजिनिअर येतो, सळई वर आहे हे बघतो, सही करून जातो. ओतायला सुरुवात होते आणि मजूर घमेली घेऊन त्याच सळ्यांवरून चालतात. बाल्कनीच्या टोकाला उभं राहायला दुसरी जागाच नसते. तीन सुती सळई लवचिक असते, पायाखाली वाकते. कोरड्यात सोडली तर परत वर येईल, पण तोवर तिच्यावर गिट्टी-रेतीचा ओला ढीग बसलेला असतो. ढीग सळईवर उंचावरून टाकला की ती आणखी दबते. मिस्त्री फळीने वरचं अंग गुळगुळीत करतो आणि पुरावा झाकला जातो. काही मिस्त्री ओल्या मालातून आकडा घालून सळई वर ओढतात. खाली आधार नसेल तर व्हायब्रेटर लागताच ती पुन्हा बसते.

उपाय स्वस्त आहे, फक्त ओतण्याआधी करायचा. सळईखाली लोखंडाच्या खुर्च्या, म्हणजे चेअर, द्यायच्या. आपल्या बाल्कनीत वरून मोजलं तर कव्हर ३०, मुख्य सळई १० आणि तिच्याखालची आडवी सळई ८ मिमी. १५० मधून हे ४८ गेले, उरले १०२. तळाला ३० मिमीचा कव्हर ब्लॉक ठेवला, तर खुर्चीची उंची ७२ मिमी. खुर्ची १० किंवा १२ मिमीच्या सळईची, तार घट्ट बांधलेली, आणि मुळाशी दाट, साधारण ६० सेंमीला एक. विटेचे तुकडे किंवा गिट्टी ठेवून भागवणाऱ्याला तिथेच थांबवा. ते पायाखाली सरकतात, फुटतात.

दुसरी गोष्ट फळ्यांची. चालायला फळ्या सळ्यांवर नाही, शटरिंगवर उभ्या केलेल्या स्वतंत्र ठोकळ्यांवर टाका, आणि ओतत मागे सरकताना त्या उचलत चला. माल बाल्कनीत हळू, फावड्याने पसरा.

तिसरी गोष्ट फारच थोडे लोक करतात, आणि ती दोन मिनिटांची आहे. काँक्रीट ओलं असतानाच एका बारीक सळईवर टोकापासून ३० आणि ४० मिमीवर खूण करा. भिंतीजवळ मुख्य सळईच्या रांगेवर ती हळूच खुपसा. ३० ते ४० मिमीवर लोखंड लागलं तर ठीक. ७० ला लागलं, तर तिथला माल काढून सळई खुर्चीवर बसवायला अजून वेळ आहे. उद्या सकाळी नसेल.

सळई मागेही पुरेशी हवी. घरातल्या स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये ती बाहेर जितकी आली त्याच्या दीडपट आत न्यायचा प्रघात आहे, इथे १.८ मीटर. टेकू काढताना बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे यायचं. उलट केलं, म्हणजे मुळाचे टेकू आधी आणि टोकाचा शेवटी, तर बाल्कनी काही काळ दोन टोकांना टेकलेल्या स्लॅबसारखी वागते आणि ताण खालच्या अंगाला जातो, जिथे मुख्य लोखंड नाही.

बांधून झालेल्या बाल्कनीत चुकीची लक्षणं मुळाशी, वरच्या बाजूला शोधायची. भिंतीला समांतर जाणारा तडा, दाराच्या उंबऱ्यापाशी फरशीची फटलेली सांध, कठडा आणि बाजूची भिंत यांच्यात वरच्या अंगाला रुंद होत गेलेली फट. खालून बघितलं तर तडा बहुधा दिसत नाही, गंजाचा ओघळ मात्र दिसू शकतो. संशय असेल तर आधी खाली टेकू लावा, वावर बंद करा, मगच तपासणी. कव्हर मीटरने सळई किती खोल आहे ते फोडाफोड न करता बघता येतं. खात्रीसाठी मुळाशी हातभर जागेत वरचा थर उकरून सळई उघडी करतात, पण कापायची नाही.

दुरुस्ती इंजिनिअरच्या हिशोबानेच व्हावी. गंमत अशी की, सळ्या खालीच गेल्या असतील तर बाहेरच्या टोकाला खांब देणं हा एक सरळ मार्ग ठरू शकतो. खांब आला की ताण खालच्या अंगाला जातो आणि चुकून खाली बसलेलं लोखंड योग्य बाजूला येतं.

आता परत त्या कूलरकडे. छज्जा मुळाशी ७५ मिमी जाड असतो. त्यात सळई अडीच सेंमी खाली गेली तरी निम्म्याहून अधिक ताकद जाते. बाहेर ६० सेंमी आलेल्या छज्ज्याचं स्वतःचं वजन मीटरला सुमारे १२० किलो, ते मुळाशी ३६ मीटर-किलो जोर लावतं. डिझाइनमध्ये वरून सहसा चौरस मीटरला ७५ किलो धरतात, म्हणजे आणखी १३ ते १४. पाण्याने भरलेला कूलर १०० किलोचा निघाला आणि तो पाऊण मीटर रुंदीवर बसला, तर एकट्याचा जोर ४० च्या आसपास होतो. म्हणजे धरलेल्या भाराच्या तिप्पट. त्यात रोज झिरपणारं पाणी मुळाच्या तड्यात शिरतं आणि जी काही सळई तिथे आहे तिला गंजवतं. कूलरला जमिनीवरून लोखंडी स्टँड करून घ्या, किंवा भिंतीला ब्रॅकेट ठोका. ताट्या बदलायला शिडी लावा.