पोटरीचं माप: ३१ वरून ३३-३४ पर्यंत

म्हातारपणी हातपाय वाळतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण त्या अवस्थेला नाव मिळालं १९८८ मध्ये. अमेरिकेतल्या अल्बुकर्क इथल्या एका बैठकीत आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हा शब्द सुचवला. मोजपट्टी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. डेरिक जेलिफ यांनी १९६६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या पुस्तकात दंडाचा घेर आणि दंडामागच्या कातडीच्या चिमटीची जाडी यांवरून स्नायूंचा अंदाज कसा बांधायचा ते दिलं होतं. घेरातून चरबीचा वाटा वजा करायचा, उरेल तो स्नायूचा घेर. त्यांच्यासमोर होती मुख्यतः कुपोषित मुलं.

वृद्धांसाठी ही रीत अपुरी पडू लागली. सैल कातडीची चिमटी दोघांनी घेतली तर दोन आकडे येतात. शिवाय वयानुसार स्नायू आधी आणि जास्त झिजतो तो पायांचा. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने वृद्धांमध्ये दंडापेक्षा पोटरीचा घेर स्नायूंचा बदल जास्त चांगला दाखवतो, असं म्हटलं. त्याच सुमारास आलेल्या एमएनए या पोषण-प्रश्नावलीत दोन्ही मापं होती. दंडाला २१ आणि २२ सेंटिमीटरच्या पायऱ्या, पोटरीला ३१. पुढे २००९ च्या छोट्या आवृत्तीत दंड गळाला. उंची-वजन घेता येत नसेल तर पोटरी मोजा, एवढंच उरलं.

हा ३१ चा आकडा पारखला गेला तो फ्रान्समध्ये. २००३ मध्ये इव्ह रोलां आणि सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या स्त्रियांच्या पोटऱ्या मोजल्या आणि डेक्सा या क्ष-किरण तपासणीतल्या स्नायूंच्या वजनाशी ताडून पाहिल्या. पोटरी ३१ किंवा त्याहून जास्त असलेल्यांपैकी बहुतेकींचे स्नायू खरोखर ठीक होते, पण स्नायू घटलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक या पट्टीतून निसटत होत्या. संशोधकांनीच सांगितलं, की एवढ्यावरून निदान करू नका. तरी कागदावर सोपा आकडा मिळाला की तो चिकटतो. ३१ अजूनही पुष्कळ तक्त्यांत भेटतो.

चाळणी म्हणून वापरायचं तर जाळी बारीक हवी. जपानमधल्या २०१५ च्या अभ्यासात पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना ३३ सेंटिमीटर या मर्यादा सुचल्या, आणि सार्कोपेनियावरच्या आशियाई कार्यगटाने २०१९ च्या शिफारशींत त्याच घेतल्या. त्याआधी, २०१३ मध्ये, सार्क-एफ ही पाच प्रश्नांची यादी आली होती: ओझं उचलणं, चालणं, खुर्चीतून उठणं, जिना, आणि वर्षभरातलं पडणं. दहापैकी चार गुण झाले की संशय घ्यायचा. तीही बऱ्याच जणांना सोडून देते. म्हणून ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तिला पोटरी जोडली. घेर कमी असेल तर सरळ १० गुण, आणि एकूण ११ झाले की पुढची तपासणी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ७४ वर्षांच्या आजी, उंची १५० सेंटिमीटर, वजन ६५ किलो, म्हणजे बीएमआय जवळपास २९. खुर्चीत पाय टेकवून, गुडघा काटकोनात ठेवून, पट्टी वरखाली सरकवत सर्वांत फुगीर जागी घेर घेतला. पट्टी मांसात रुतू दिली नाही. आला ३५. सार्क-एफचे गुण ३. दोन्हीकडे पास! पण २०२१ मध्ये अमेरिकी सर्वेक्षणाच्या आधारे गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी सुचवलं, की बीएमआय २५ ते ३० असेल तर घेरातून ३ सेंटिमीटर वजा करा. ३० ते ४० असेल तर ७. आजींचे उरले ३२, म्हणजे ३३ च्या आत. आता सार्क-एफचे ३ आणि पोटरीचे १० मिळून १३. पुढे हाताच्या पकडीचा जोर: १५ किलो. आशियाई मर्यादा स्त्रियांना १८, पुरुषांना २८. इथे 'संभाव्य सार्कोपेनिया' म्हणून आहार-व्यायाम सुरू करता येतो. पक्कं निदान डेक्सा किंवा सौम्य विद्युतप्रवाहाने शरीराची घडण मोजणाऱ्या बीआयए यंत्रावर स्नायू मोजूनच होतं.

ही वजाबाकी आपल्याकडे जशीच्या तशी लावावी का, याबद्दल मी साशंक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१ टक्के, युडकिनांची ९. अशा 'बारीक पण चरबीयुक्त' शरीरात बीएमआय २५ च्या आत असूनही पोटरीत चरबी स्नायूची जागा भरून काढू शकते, आणि अमेरिकी तक्ता तिथे काहीच वजा करत नाही.

सुजेला तर कुठलाच तक्ता नाही. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खड्डा राहिला तर त्या दिवशीचा पोटरीचा आकडा लिहूच नका. दंडाचा घेर अशा वेळी अजूनही उपयोगी पडतो, कारण हृदय किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यात पाणी आधी पायात उतरतं.