नफाक्षमता निर्देशांक (मर्यादित भांडवल आणि अविभाज्य प्रकल्प)

नफाक्षमता निर्देशांक म्हणजे प्रकल्पातून पुढे मिळणाऱ्या रोख रकमांचे आजचे मूल्य भागिले त्यात आज घालावी लागणारी रक्कम. व्यवहारात त्याला ‘पीआय’ म्हणतात. उत्तर १ पेक्षा जास्त आले, तर निव्वळ वर्तमान मूल्य (एनपीव्ही) धन असते आणि प्रकल्प घेण्याजोगा ठरतो. पैसा हवा तेवढा उपलब्ध असेल तर एवढेच पाहून भागते. पैसा अपुरा असेल, तर गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे किती मूल्य पदरात पडते हे पाहावे लागते, आणि निर्देशांक नेमके तेच सांगतो. म्हणून प्रकल्प निर्देशांकानुसार उतरत्या क्रमाने लावायचे आणि पैसा संपेपर्यंत वरून घेत जायचे, असा नियम रूढ झाला. जेम्स लोरी आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५५ मध्ये मर्यादित भांडवलाच्या वाटपाचा प्रश्न मांडला, तेव्हा याच नियमाची अडचणही दाखवली: शेवटचा प्रकल्प अर्धाच घेता येत असेल तर क्रमवारी बरोबर उत्तर देते, घेता येत नसेल तर देईलच असे नाही.

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मध्यम फौंड्रीचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत. यंदाच्या भांडवली खर्चासाठी २०० लाख रुपये आहेत, वटावाचा दर १२ टक्के आहे आणि समोर चार प्रस्ताव आहेत (रकमा लाखांत):

| प्रस्ताव | खर्च | वर्तमान मूल्य | एनपीव्ही | निर्देशांक |
|---|---|---|---|---|
| क. वाळू पुनर्वापर संच | ५० | ७० | २० | १.४० |
| ख. इंडक्शन भट्टी | ११० | १५१ | ४१ | १.३७ |
| ग. दोन व्हीएमसी यंत्रे | ९० | १२२ | ३२ | १.३६ |
| घ. छतावरील सौर संच | ५० | ६१ | ११ | १.२२ |

वर्तमान मूल्य कसे आले ते ‘क’वरून पाहता येईल. नव्या वाळूची खरेदी आणि वापरलेल्या वाळूची विल्हेवाट यांत वर्षाला १९.४ लाख वाचतात, आणि ही बचत पाच वर्षे टिकते असे धरले आहे. १२ टक्क्यांनी पाच वर्षांचा वार्षिकी गुणक ३.६०५ आहे. गुणाकार सुमारे ७० लाख येतो.

क्रमवारीप्रमाणे आधी ‘क’, मग ‘ख’ घेतला की १६० लाख संपतात. उरलेल्या ४० लाखांत ‘ग’ बसत नाही, ‘घ’ही बसत नाही. एकूण एनपीव्ही ६१ लाख. आता यादीत पहिला असलेला ‘क’ बाजूला ठेवून ‘ख’ आणि ‘ग’ घेतले, तर पूर्ण २०० लाख कामाला लागतात आणि एनपीव्ही ७३ लाख होते. १२ लाखांचा हा फरक न वापरलेल्या ४० लाखांमुळे पडला. ‘क’चा निर्देशांक सर्वांत वर आहे हे खरे, पण तो घेतल्यावर मागे उरणारी रक्कम कोणत्याच प्रस्तावाच्या मापाची नाही. अर्धी भट्टी बसवून अर्धे लोखंड वितळत नाही, त्यामुळे ते ४० लाख तसेच पडून राहतात.

म्हणून तुलना सुट्या प्रकल्पांची नव्हे, संचांची करावी. पडून राहिलेल्या रकमेचा निर्देशांक १ धरून पूर्ण २०० लाखांवर भारित सरासरी काढली, तर ‘क+ख’चा निर्देशांक १.३०५ येतो आणि ‘ख+ग’चा १.३६५. हे १ धरणेही थोडे उदारच आहे. पैसा १२ टक्क्यांपेक्षा कमी व्याजाच्या ठेवीत ठेवला, तर त्याचा निर्देशांक १ च्या खाली जातो.

क्रमवारी टाकून द्यायची मात्र गरज नाही, तिचा उपयोग कमाल मर्यादा काढण्यासाठी होतो. प्रकल्प तोडता येतात असे क्षणभर समजून ‘क’, ‘ख’ आणि उरलेल्या ४० लाखांत ‘ग’चा ४०/९० हिस्सा घेतला, तर एनपीव्ही ६१ + १४.२ = ७५.२ लाख येते. न तोडता कोणताही संच याच्या पुढे जाऊ शकत नाही. ७३ लाखांचा संच हाती असेल, तर आणखी शोधाशोध करून फार तर २.२ लाख मिळतील, हे तिथेच कळते.

चार प्रस्तावांचे सोळा संच कागदावर मांडता येतात. दहांचे १,०२४ होतात, वीसांचे दहा लाखांवर जातात. तेव्हा हे काम एक्सेलच्या सॉल्व्हरकडे द्यावे. ब स्तंभात खर्च, क मध्ये एनपीव्ही आणि ड मध्ये निवड (० किंवा १) अशी मांडणी असेल, म्हणजे पडद्यावरचे B, C आणि D, तर पहिले सूत्र कमाल करायचे आणि दुसरे २०० च्या आत ठेवायचे:

```
=SUMPRODUCT(C2:C5,D2:D5)
=SUMPRODUCT(B2:B5,D2:D5)
```

D2:D5 वर `bin` ही अट आणि पद्धत `Simplex LP`. इथे एक चूक हमखास होते. पर्यायांमधील `Integer Optimality (%)` मुळात १ वर असते, म्हणजे सर्वोत्तम उत्तराच्या एक टक्क्याच्या आत आले की सॉल्व्हर थांबू शकतो. ते ० करावे. `Ignore Integer Constraints` वर खूण राहिली असेल, तर ड स्तंभात ०.४४ सारखे आकडे दिसतात. ते दिसले की कारण ओळखावे. एकमेकांना पर्याय असलेल्या दोन भट्ट्यांसाठी दोन्ही निवडींची बेरीज १ पेक्षा जास्त नसावी, आणि एका प्रकल्पाशिवाय दुसरा निरुपयोगी असेल तर दुसऱ्याची निवड पहिल्यापेक्षा मोठी नसावी, अशा अटी इथेच घालता येतात. निर्देशांकाच्या यादीत हे संबंध दिसतच नाहीत.

संच निवडला तरी तो किती नाजूक आहे हे तपासावे लागते. ‘ख+ग’ २०० लाखांत काठोकाठ बसतो. भट्टीचा पाया, केबल आणि वाहतूक धरून तिचा खर्च ११३ लाख झाला, तर संच २०३ लाखांचा होतो आणि बाद ठरतो. मग उत्तम संच ‘क+ग+घ’, एनपीव्ही ६३ लाख. वरचे तीन लाख उभे केले तर मात्र ‘ख+ग’ ७० लाख देतो. उलट बाजूला मूळ किमतींत २०० च्या वर आणखी ४९ लाख आले तरी एनपीव्ही ७३ च्या पुढे सरकत नाही. ५० लाख आले की ‘क’ही बसतो आणि आकडा ९३ वर जातो. म्हणून बँकेकडे मागायची रक्कम गोल आकड्यात न ठरवता, संच कुठे बदलतो ते पाहून ठरवावी. त्या ५० लाखांचे कर्ज १२ टक्क्यांहून महाग पडले, तरी जादा व्याजाचे वर्तमान मूल्य २० लाखांच्या आत आहे तोवर ते परवडते.

छेदात काय धरायचे यावर सर्वाधिक गोंधळ होतो. मर्यादा ज्या पैशावर आहे, तेवढाच पैसा छेदात यावा. व्हीएमसीचे ६० लाख यंदा आणि ३० लाख पुढच्या वर्षी द्यायचे असतील, तर यंदाच्या मर्यादेसाठी छेद ६० लाख, आणि पुढचा हप्ता वटावून वर्तमान मूल्यातून वजा. अनुदान उशिरा मिळणार असेल तर ते खर्चातून आधीच वजा करू नये, कारण पुरवठादाराला द्यायची रोख आजच लागते. जीएसटीचेही तसेच: क्रेडिट मागाहून मिळते, रक्कम आधी जाते. मर्यादा एकापेक्षा जास्त वर्षांवर असेल, तर एका निर्देशांकाने क्रम लावताच येत नाही. प्रत्येक वर्षाची स्वतंत्र अट घालून गणित सोडवावे लागते. मार्टिन वाइनगार्टनर यांनी १९६३ मध्ये ही मांडणी पूर्णांक प्रोग्रॅमिंगच्या रूपात दिली. सॉल्व्हरमध्ये त्यासाठी वर्षागणिक खर्चाचा एक स्तंभ आणि एक अट वाढवली की पुरते.